मुलाखतीची कॉपी साफ करताना: काय काढायचं, काय तसंच ठेवायचं

मुलाखत झाली, रेकॉर्डिंग ऐकून सगळं टाइप केलं आणि आता समोर बारा-पंधरा पानं पडलीयेत, माणूस बोलतोय खरा पण वाचवत नाहीये, इथून पुढे काय करायचं ते सांगतो. प्रश्न कसे काढायचे, माणसाला बोलतं कसं करायचं हा वेगळा विषय आहे, तो इथे घेत नाही. नवीन मुलं-मुली कॉपी साफ करायला बसली की बहुतेक वेळा एकच चूक होते, ती सगळं धुवून काढतात, आणि मग सत्तर वर्षांचा कारागीर आणि बँकेचा मॅनेजर लेखात एकाच भाषेत बोलायला लागतात. ते होऊ नये म्हणून हा खटाटोप.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवतो म्हणजे धागा सुटणार नाही. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीच्या जवळ एक कल्हईवाले काका बसतात, सत्तरीच्या आसपासचे. त्यांच्याशी चाळीस मिनिटं बोलणं झालं, फोनवर रेकॉर्ड केलं. नाव देत नाही, काकाच म्हणूया.

पहिलं काम, कच्च्याला हात लावायचा नाही

जसं ऐकलं तसं टाइप केलेली फाइल कॉपी करा, एकीला नाव द्या ‘कच्चं’ आणि दुसरीला ‘काम’. कच्चं उघडायचं ते फक्त वाचायला. काटछाट सगळी दुसरीत. हे अगदी साधं आहे पण माझ्या ओळखीत दोघांनी एकाच फाइलमध्ये साफसफाई केली आणि नंतर मुलाखत दिलेल्या माणसाने ‘मी असं म्हणलोच नाही’ म्हटल्यावर दाखवायला काहीच उरलं नव्हतं.

कच्च्यात दर दोन-तीन मिनिटांनी रेकॉर्डिंगची वेळ टाकून ठेवा, म्हणजे १२:४० असं. नंतर एखाद्या वाक्याची शंका आली की चाळीस मिनिटं परत ऐकावी लागत नाहीत. तांबट आळीत तर हे फारच लागतं कारण मागे सतत ठोके चालू असतात, तांबं ठोकून ठोकून घडवायचं काम आहे ते, आणि नेमका महत्त्वाचा शब्द ठोक्याखाली जातो. तो शब्द अंदाजाने भरायचा नाही. तिथे लिहायचं [ऐकू येत नाही, १७:१०] आणि पुढे जायचं, शेवटी फोन करून विचारायचं. अंदाजाने भरलेला शब्द दोन वेळा वाचला की आपल्यालाच खरा वाटायला लागतो, मग तो विचारायचा राहून जातो.

आता कात्री हातात घ्यायच्या आधी एकदा हेडफोन लावून, समोर कच्चं ठेवून सलग ऐका. काही काढू नका. फक्त दोन गोष्टी टिपा. एक, हा माणूस कुठले शब्द आणि कुठल्या लकबी परत परत वापरतो. दोन, कुठे त्याचा आवाज बदलतो, थांबतो, हळू होतो. कागदावर आवाज दिसत नाही त्यामुळे ही खूण आत्ताच करून ठेवावी लागते. काकांच्या बाबतीत मी टिपलं होतं ते असं: ‘बघा’ म्हणतात, विशेषण शेवटी टाकतात, ‘नाही’ला बऱ्याचदा ‘नाय’, वडिलांचं बोलणं मधेच त्यांच्याच तोंडून येतं, आणि मुलाचा विषय निघाला तेव्हा थांबले. ही पाच ओळींची चिठ्ठी शेवटपर्यंत शेजारी ठेवायची, तिचं काम नंतर येतं.

भरतीचे शब्द

हा काकांच्या बोलण्यातला एक तुकडा, कच्च्यातला:

> हां तर म्हणजे काय, भट्टी लावली, भट्टी लावली की मग भांडं ठेवायचं. ठेवायचं आणि ते हे, ते काय, भाता मारायचा. मग त्याच्यात कथील, नाही नाही, आधी नवसागर, नवसागर मारायचा बघा, धूर निघतो पांढरा, मग कथील. आमचे वडील म्हणायचे भांड्याला विचार तापलंस का, भांडं सांगतं. म्हणजे सांगतं म्हणजे काय, त्याचा रंग बदलतो ना. आता पोरं येतात विचारतात काका किती टेंपरेचर, मी म्हणलं मला नाय माहीत टेंपरेचर, मला भांडं माहीत.

मराठीत भरतीचे शब्द कुठले ते आपल्याला पाठ आहेत, म्हणजे, काय, तर, मग, ना, बघा, हां, ते हे, आपलं, असं, काय म्हणतात त्याला. अडचण अशी आहे की यातला जवळपास प्रत्येक शब्द कधीकधी खरं काम पण करत असतो. त्यामुळे यादी करून सगळीकडून उडवायचं हे चालत नाही, प्रत्येक जागी बघावं लागतं.

बघायचं कसं, तर वाक्य दोनदा मोठ्याने वाचायचं, एकदा त्या शब्दासकट आणि एकदा त्याच्याशिवाय, आणि तीन गोष्टी बदलतात का ते पाहायचं: अर्थ, क्रम, आणि समोरच्याशी बोलायचा सूर. तिन्हीतलं काहीच बदललं नाही तर शब्द काढा. वरच्या तुकड्यात सुरुवातीचं ‘हां तर म्हणजे काय’ गेलं तरी काही जात नाही, काका फक्त इंजिन गरम करत होते. ‘ते हे, ते काय’ हे भाता हा शब्द सापडेपर्यंतचं चाचपडणं, तेही गेलं. पण ‘म्हणजे सांगतं म्हणजे काय’ यातला दुसरा ‘म्हणजे’ बघा. इथे काका स्वतःच प्रश्न टाकतायत आणि स्वतःच उत्तर देतायत, तो ‘म्हणजे काय’ काढला तर ‘भांडं सांगतं. त्याचा रंग बदलतो’ असं उरतं, शाळेच्या पुस्तकासारखं. तेव्हा पहिला ‘म्हणजे’ काढायचा, दुसरा ठेवायचा. एकाच वाक्यात एक भरतीचा, एक कामाचा.

‘मग’चं तसंच. ‘भट्टी लावली की मग भांडं ठेवायचं’ यातला ‘मग’ काढला तरी ‘की’ने क्रम सांगितलाय. ‘मग कथील’ मधला मात्र काढायचा नाही कारण नवसागर आधी आणि कथील नंतर हे तोच एक शब्द सांगतोय, कृतीचा क्रमच आहे तो.

‘ना’ आणि ‘बघा’ हे सगळ्यात नाजूक. ‘त्याचा रंग बदलतो ना’ यात काका तुम्हाला सांगतायत की हे तर कोणालाही दिसेल, तो ‘ना’ काढला की तेच वाक्य माहिती देणारं होतं. सगळेच ‘बघा’ ठेवले तर वाचक वैतागतो. माझा हिशोब साधारण असा, तीन-चार वाक्यांच्या कोटमध्ये अशी एकच लकब ठेवायची, जिथे ती सगळ्यात जास्त काम करते तिथे, बाकीच्या काढायच्या. वाचकाला एका ‘बघा’वरून माणूस ऐकू येतो, सहांची गरज नसते.

आणि एक सूचना, फाइंड अँड रिप्लेस करून ‘ना’ किंवा ‘तर’ उडवायचा प्रयत्न करू नका. ‘तर’ गेला की ‘तरी’ची ‘ी’ होते आणि ‘उत्तर’चं ‘उत्’. मागेपुढे स्पेस घालून शोधलं तरी स्वल्पविरामाला चिकटलेले राहून जातात. फाइंड वापरा ते फक्त कुठे कुठे आहेत हे दिसायला, काढायचं हातानेच.

अडखळणं वेगळं, स्वतःला सुधारणं वेगळं

‘भट्टी लावली, भट्टी लावली की’ हे अडखळणं, एकदा ठेवा. पण ‘मग त्याच्यात कथील, नाही नाही, आधी नवसागर’ हे अडखळणं नाहीये, काकांनी चूक केली आणि लगेच दुरुस्त केली. छापताना दुरुस्त केलेलंच द्यायचं, चुकलेलं आणि ‘नाही नाही’ दोन्ही काढायचं, कारण त्यांचं म्हणणं शेवटी काय ठरलं ते आपल्याला द्यायचंय. घाईत साफ करणारा माणूस नेमका इथे ‘नाही नाही’ भरतीचं समजून उडवतो आणि ‘मग त्याच्यात कथील, आधी नवसागर’ असं काहीतरी उरतं, ते सरळ करताना क्रम उलटा लागतो, आणि लेखात एका जन्मभर कल्हई केलेल्या माणसाच्या तोंडी चुकीची कृती जाते. म्हणून जिथे जिथे ‘नाही’, ‘थांबा’, ‘चुकलं’, ‘म्हणजे तसं नाही’ दिसेल तिथे थांबून रेकॉर्डिंग ऐका, त्या वेळेच्या खुणेचा उपयोग इथे होतो. कृती, तारीख, रक्कम, नात्याचं नाव असेल तर ते शेवटी फोन करून विचारायच्या गोष्टींच्या यादीतही टाका.

तिसरा प्रकार आहे तो म्हणजे मुद्दामचा पुनरुच्चार, आणि हा कागदावर हुबेहूब अडखळण्यासारखा दिसतो. मुलगा या धंद्यात आला का असं विचारल्यावर काका म्हणाले:

> मुलगा आहे ना. हिंजवडीला आहे. चांगलं आहे त्याचं. चांगलं आहे.

टाइप केलेल्या पानावर बघितलं तर शेवटचं ‘चांगलं आहे’ सरळ डबल आहे, काढून टाकावं वाटतं. ऐकताना मात्र दोन्हीच्या मधे चार-पाच सेकंद कोणी बोलत नाही, फक्त भात्याचा आवाज आहे, आणि दुसरं ‘चांगलं आहे’ अगदी हळू. तेच सगळं उत्तर आहे. मी ते असं ठेवलं: “मुलगा आहे ना. हिंजवडीला आहे. चांगलं आहे त्याचं.” भाता थोडा वेळ चालू राहिला. “चांगलं आहे.” यात मी स्वतःचं मत घातलं नाही, ते दुःखी झाले असं लिहिलं नाही कारण ते मला माहीत नाही, जे ऐकू आलं तेवढंच मधे टाकलं.

आवाज कुठे असतो

बऱ्याच जणांना वाटतं की बोलणाऱ्याचा आवाज ठेवायचा म्हणजे त्याचे ‘हां’, ‘ते आपलं’ ठेवायचे. तसं नाहीये. ते सगळे काढले तरी आवाज राहू शकतो. तो असतो शब्दांच्या क्रमात, क्रियापदात आणि त्या माणसाच्या स्वतःच्या शब्दांत.

‘धूर निघतो पांढरा’ हे घ्या. लिहिताना आपला हात आपोआप ‘पांढरा धूर निघतो’ करतो, आणि कोणी विचारलं तर आपण म्हणतो व्याकरण नीट केलं. पण व्याकरण बिघडलेलं नव्हतंच, बोलताना मराठी माणूस विशेषण मागे टाकतो, ‘पोरगा गुणी आहे त्यांचा’, ‘चहा केलाय गरम’. काकांना आधी धूर दिसतो, मग त्याचा रंग. क्रम बदलला की काका गेले. हे माझ्या मते या सगळ्या कामातलं सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहणारं आहे, भरतीचे शब्द काढणं एका दुपारी जमतं पण क्रमाला हात न लावणं शिकायला वेळ लागतो.

तो तुकडा खूप साफ केला की कसा होतो बघा:

> “सर्वप्रथम भट्टी पेटवून त्यावर भांडे ठेवले जाते व भात्याने हवा दिली जाते. त्यानंतर नवसागर टाकला जातो, ज्यातून पांढरा धूर निघतो, आणि मग कथील लावले जाते. भांडे तापले की त्याचा रंग बदलतो. तापमान किती असते हे मला माहीत नाही, परंतु मला भांड्याची जाण आहे.”

यात एकही माहिती चुकीची नाही. पण ‘ठेवले जाते’ असं कोणी भट्टीसमोर बसून बोलत नाही, वडील पूर्ण गायब झाले, आणि शेवटचं वाक्य तर काकांचं नाहीच, ‘जाण’ हा शब्द साफ करणाऱ्याचा. अवतरणचिन्हात दुसऱ्याचा शब्द घातला की तो कोट राहत नाही. हा मी केलेला:

> “भट्टी लावली की भांडं ठेवायचं आणि भाता मारायचा. आधी नवसागर मारायचा बघा, धूर निघतो पांढरा, मग कथील. आमचे वडील म्हणायचे, ‘भांड्याला विचार तापलंस का, भांडं सांगतं.’ सांगतं म्हणजे काय, त्याचा रंग बदलतो ना. आता पोरं येतात, विचारतात, ‘काका, किती टेंपरेचर?’ मी म्हणलं, मला नाय माहीत टेंपरेचर, मला भांडं माहीत.”

मोजून बघा, कच्च्यातलं काढलंय बरंच पण नवीन शब्द एकही घातलेला नाही. नवशिक्यांसाठी मी हाच नियम सांगतो, पहिले सहा महिने कोटमधून फक्त काढायचं, घालायचं काही नाही. घालावंच लागलं, म्हणजे ‘ते’ म्हणजे कोण हे वाचकाला कळणार नसेल तर, चौकटी कंसात, ‘त्याला [कथलाला] चव नसते’ असं. आणि असे कंस एका कोटमध्ये दोन झाले तर तो कोट सोडून द्या, आपल्या शब्दात सांगा.

आता बोलीचा प्रश्न, पुण्यात हा हमखास येतो. ‘केलं, गेलं, भांडं’ हे कोटमध्ये तसंच, ‘केले, गेले, भांडे’ करायचं नाही, तुमच्याकडे बाकीचा लेख प्रमाण पद्धतीने जात असला तरी कोटमध्ये बोललेलं रूप ठेवता येतं, डेस्कशी एकदा बोलून घ्या. पण ‘नाय’, ‘म्हणलं’, ‘पानी’, ‘व्हतं’ यांचं काय? माझं मत असं आहे की शब्द आणि रूपं ठेवावीत, उच्चार दाखवायला प्रत्येक अक्षर मोडू नये. ‘म्हणलं’ ठेवलं कारण ते त्यांचं क्रियापद आहे. ‘नाय’ एकदा ठेवलं, जिथे जोर होता तिथे. पण सगळीकडे ‘न’ला ‘ण’ आणि ‘ण’ला ‘न’ करून लिहिलं तर वाचणारा माणसाकडे न बघता स्पेलिंगकडे बघतो, आणि त्यात एक अन्याय पण आहे: सदाशिव पेठेतले प्राध्यापक ‘पाहिजेल’ नाहीतर ‘अॅक्चुली’ म्हणाले तर ते आपण गुपचूप सरळ करतो, आणि कारागिराचं ‘पानी’ मात्र हौसेने तसंच छापतो. एक मोजपट्टी ठरवा आणि दोघांना तीच लावा. एका जुन्या लेखात मी एका बाईंचं सगळं बोलणं उच्चारासकट छापलं होतं, मला ते फार जिवंत वाटलं, आणि त्यांची मुलगी फोन करून म्हणाली की आई शेजाऱ्यांना लेख दाखवत नाहीये. तेव्हापासून हे नीट तपासतो.

‘म्हणे’ काढलात तर काय होतं

हे स्वतंत्र सांगतो कारण यात खरं नुकसान होतं. काका घराण्याबद्दल म्हणाले:

> आमचे पणजोबा कोकणातनं आले म्हणे, पेशव्यांनी आणले का कोणी आणले ते काय आपल्याला माहीत नाही, पण आळी तेव्हापासनंची आहे असं सगळे म्हणतात.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीने हे असं साफ केलं: “आमच्या पणजोबांना पेशव्यांनी कोकणातून आणले. आळी तेव्हापासूनची आहे.” सुटसुटीत आहे, वाचायला छान आहे, आणि काका असं बोललेच नाहीत. ‘म्हणे’ हा मराठीतला फार कामाचा शब्द आहे, एका शब्दात बोलणारा सांगतो की हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. तो, ‘माहीत नाही’ आणि ‘सगळे म्हणतात’ हे तिन्ही भरतीचे समजून काढले की ऐकीव गोष्ट दावा होऊन बसते. आणि हा दावा तर उभाच राहत नाही, पेशवाई १८१८ मध्ये संपली, आत्ता सत्तरीत असलेल्या माणसाचे पणजोबा साधारण त्यानंतर दोन पिढ्यांनी जन्मलेले असणार. म्हणजे काकांनी सावधपणे शंका ठेवून सांगितलं होतं आणि आपण साफसफाई करून त्यांना खोटं पाडलं. वाचकांत कोणी इतिहासाचा माणूस असेल, पुण्यात तो असतोच, तर पत्र काकांच्या नावाने येणार.

म्हणून ‘म्हणे’, ‘बहुतेक’, ‘असावं’, ‘वाटतं’, ‘वीस-बावीस वर्षं’, ‘शंभर एक भांडी’ हे सगळे अंदाज आणि शंका दाखवणारे शब्द आहेत, यांना हात लावायचा नाही. ‘वीस-बावीस’चं ‘२२’ करायचं नाही. ठेवलेला कोट असा: “पणजोबा कोकणातनं आले म्हणे. पेशव्यांनी आणले का कोणी आणले ते काय आपल्याला माहीत नाही.”

अवतरणचिन्हं आणि कोटचे सांधे

माणसाचे जसेच्या तसे शब्द दुहेरी अवतरणात, त्याच्या बोलण्याच्या आत दुसऱ्या कोणाचे शब्द आले की ते एकेरीत, वर वडिलांचं वाक्य तसं आहे. ऐकलेल्या मजकुरात हे आतलं बोलणं ओळखणं हेच खरं काम, कारण मराठीत आपण बोलताना मधेच दुसऱ्याचे शब्द त्याच्याच पुरुषात टाकतो, ‘वडील म्हणाले मी नाही देत’. यात ‘मी’ म्हणजे वडील का काका? चिन्ह नसेल तर वाचक दोन्हीकडे जातो. ‘वडील म्हणाले, ‘मी नाही देत’’ असं केलं की प्रश्न मिटला. तुमच्या स्वतःच्या वाक्यात पण हाच घोळ होतो, ‘काका म्हणाले की मी आता बाहेरगावी जात नाही’ असं बोलताना चालतं, पण लेखात मुलाखत घेणाराही ‘मी’ असेल तर अडचण, तिथे एकतर कोट करा, काका म्हणाले, “मी आता बाहेरगावी जात नाही,” नाहीतर ‘आपण आता बाहेरगावी जात नाही, असं काका म्हणाले’. ‘की’ आणि दुहेरी अवतरण एकत्र शक्यतो टाळा.

दोन वेगळ्या ठिकाणची वाक्यं एका अवतरणात जोडू नका. नवव्या मिनिटाला काका कथील महाग झाल्याचं बोलले आणि एकतिसाव्याला परत त्यावर आले, दोन्ही एका जागी आणायला हरकत नाही, पण पहिला कोट बंद करा, मधे ‘ते नंतर म्हणाले’ किंवा आपलं एक वाक्य घाला, मग दुसरा उघडा. एकाच जागचं मधलं काही गाळलं असेल तर तीन टिंबं. आणि टिंबं गाळल्यासाठी वापरायची ठरवलीत तर थांबण्यासाठी वापरू नका, नाहीतर वाचकाला कळत नाही की माणूस गप्प झाला का तुम्ही कापलंत.

‘म्हणाले’ परत परत आलं तर घाबरू नका, ते डोळ्याला दिसत नाही. ‘उद्गारले’, ‘भावना व्यक्त केली’, ‘नमूद केले’ हे मात्र लगेच दिसतं.

सगळ्यात मोठी गफलत प्रश्न गिळण्यात होते. मी विचारलं, “म्हणजे अजून काही वर्षांनी हा धंदा बंद पडेल का?” काका म्हणाले, “हां, पडेल.” आता लेखात ‘“हा धंदा अजून काही वर्षांनी बंद पडेल,” असं काका म्हणाले’ लिहिलं तर सहा-सात शब्द माझे आणि एक त्यांचा. असं छापायचं नाही. प्रश्न दाखवायचा: धंदा बंद पडेल का, असं विचारल्यावर ते “हां, पडेल” एवढंच म्हणाले. ‘हो’, ‘बरोबर’, ‘तेच ना’ अशी उत्तरं कच्च्यात जिथे जिथे आहेत तिथे वर जाऊन प्रश्न वाचा, आणि बोलणाऱ्याच्या तोंडात तुमचे शब्द गेले नाहीत ना ते बघा.

काय कोटमध्ये ठेवायचं

थोडक्यात, माहिती आपल्या शब्दात, माणूस कोटमध्ये. भांड्याचा आकार, भाव, दुकान किती वाजता उघडतं हे तुम्ही सांगा, ते काकांच्या तोंडून ऐकून काही मिळत नाही. ‘मला भांडं माहीत’ हे फक्त तेच म्हणू शकतात. चाळीस मिनिटांतून मी शेवटी साताठ कोट ठेवले, त्यातले तीन तर एकेका वाक्याचे.

शेवटचं वाचन, मग फोन

कॉपी तयार झाली की फक्त कोट मोठ्याने वाचा, मधलं सगळं सोडून, आणि ती सुरुवातीची चिठ्ठी शेजारी ठेवा. ‘बघा’ आहे का, शेवटी टाकलेलं विशेषण आहे का, वडील आहेत का. चिठ्ठीतलं काहीच सापडत नसेल तर जास्त धुतलंय, कच्चं उघडा आणि दोन-तीन गोष्टी परत आणा. मग शेजारी कोणाला तरी वाचून दाखवा, ज्याने काकांना पाहिलेलं नाही, आणि विचारा हा माणूस साधारण किती वयाचा, काय करतो. ‘कोणीतरी अधिकारी वाटतो’ असं उत्तर आलं तर परत बसा. त्यानंतर फाइंडमध्ये सरळ `"` चिन्ह टाकून शोधा, फोनवर टाइप केलेल्या कॉपीत वळणदार आणि सरळ चिन्हं मिसळलेली असतात, आणि उघडलेलं प्रत्येक अवतरण बंद झालंय का ते मोजा, एक राहिलं की पुढचा अर्धा लेख काकांच्या तोंडी जातो.

फोनवर सगळा लेख वाचून दाखवायची गरज नाही, कोट आणि शंकेच्या जागा वाचा. काकांना मी आधी नवसागर आणि कथलाचा क्रम विचारला, बरोबर निघाला. १७:१०चा ठोक्याखाली गेलेला शब्द ‘घंगाळ’ होता, मी ‘कढई’ समजत होतो. मग ‘पोरं येतात’वर ते म्हणाले, “पोरी पण येतात हो, पोरंपोरी लिहा.” हे बदललं, कारण ते माहिती बरोबर करत होते. 

“हां, पडेल” वाचल्यावर मात्र थांबले आणि म्हणाले ते नका टाकू, गिऱ्हाईक वाचेल. हे असं होतं, आणि इथे नवीन माणूस एकतर सगळं काढून टाकतो नाहीतर ताठ होतो. मी विचारलं की मग तुमचं म्हणणं काय आहे ते सांगा, तेही टाकतो. त्यांनी जे सांगितलं ते मी जुन्या उत्तराच्या जागी बसवलं नाही, कारण ते त्या दिवशी बोललेलं नव्हतं, त्याच्या पुढे नवीन वाक्य म्हणून घेतलं आणि कधी म्हणाले ते लिहिलं. लेखात ती जागा अशी गेली: धंदा बंद पडेल का, असं विचारल्यावर ते “हां, पडेल” एवढंच म्हणाले. दोन दिवसांनी फोनवर म्हणाले, “पण मी आहे तोवर नाही. लिहा तसं, भट्टी रोज लागते.”